सल्ल्याचे मोल : लहान दुकानांचा विपणन सल्लागार आणि त्याचे शुल्क

वैनगंगेच्या पुलापलीकडे, भंडारा शहराला लागून असलेले कारधा हे गाव. राष्ट्रीय महामार्ग येथूनच पुढे लाखनी-साकोलीकडे जातो. अलीकडे आपल्या व्यापारी कुटुंबांतील काही पदवीधर मुले-मुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईस न जाता घरी राहूनच स्वतंत्र व्यवसाय करू पाहतात. दुकानदारांना विपणनाविषयी सल्ला देणे हा त्यांपैकी एक. भांडवल अत्यल्प, माल साठवायचा नाही, उधारीवर खरेदी नाही; म्हणून तो सोपा वाटतो. पण या व्यवसायात बुडण्याचे मुख्य कारण कौशल्याचा अभाव हे नसून शुल्क चुकीच्या पायावर ठरवणे हे असते. या लेखात शुल्क कोणत्या पायावर ठरवावे आणि त्या पायावर टिकतील असे पहिले ग्राहक कसे शोधावेत, एवढ्याच दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. आपल्यापैकी अनेकजण सल्ला देणाऱ्या बाजूला नसून घेणाऱ्या बाजूला असतील. त्यांनाही हाच हिशेब उपयोगी पडेल, कारण तो दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

दलाली की शुल्क

आपल्याकडे जाहिरातीचा सल्ला प्रदीर्घ काळ ‘फुकट’ मिळत आला. मुंबईत गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्था सुरू झाली. देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांमध्ये तिची गणना होते. पुढे या धंद्यात जी रीत रूढ झाली तीत वृत्तपत्र मान्यताप्राप्त जाहिरात संस्थेला १५ टक्के दलाली देई आणि दुकानदाराला सल्ल्याचे वेगळे पैसे मोजावे लागत नसत. सोय मोठी होती, पण तीत एक दोष दडलेला होता. जाहिरात जितकी मोठी, तितकी दलाली अधिक. ‘या महिन्यात जाहिरात देऊच नका’ असा सल्ला देणारा स्वतःचेच नुकसान करून घेई.

लहान दुकानाला नेमका असाच सल्ला अनेकदा हवा असतो. म्हणून स्वतंत्र सल्लागाराने फलकवाला, छापखाना किंवा जाहिरात माध्यम यांच्याकडून दलाली घेऊ नये आणि दुकानदाराकडून उघड शुल्क घ्यावे. दुकानदाराने जाहिरातीचा खर्च स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावे करावा. सल्लागाराच्या खात्यातून तो पैसा फिरला की हिशेब गढूळ होतो आणि संशयाला जागा मिळते.

पहिला हिशेब : स्वतःचा दिवस कितीला पडतो

शुल्काचा पहिला आकडा बाजारात विचारून मिळत नाही. तो स्वतःच्या घरखर्चातून काढावा लागतो. उदाहरणादाखल आकडे गृहीत धरू. कारध्यास आईवडिलांसोबत राहणाऱ्या तरुणाचा घरातील वाटा आणि वैयक्तिक खर्च दरमहा २५,००० रुपये आहे. दूरध्वनी, इंटरनेट, पेट्रोल, संगणकाची झीज आणि आरोग्यविमा यांसाठी ५,००० लागतात. कर, बचत आणि रिकाम्या महिन्यांची तरतूद म्हणून ६,००० बाजूला ठेवावे लागतात. एकूण ३६,००० दरमहा, म्हणजे वर्षाला ४,३२,००० रुपये.

आता दिवस मोजू. रविवार, सणवार, लग्नकार्ये व आजारपण वजा जाता वर्षात सुमारे २८० दिवस कामाचे उरतात. परंतु या सर्व दिवसांचे पैसे मिळत नाहीत. ग्राहक शोधणे, भेटी, वाट पाहणे, नवे शिकणे, स्वतःची वहीखाती यांत निम्मे दिवस सहज जातात. म्हणजे ज्यांचे बिल करता येईल असे १४० दिवस. ४,३२,००० ला १४० ने भागले असता साधारण ३,१०० रुपये हा एका दिवसाचा दर येतो. नोकरीतील पगार ३० ने भागून जे आपला दर काढतात, त्यांचा दर इथे १,२०० रुपये येतो. त्या दराने ते वर्षभर कामात बुडालेले राहतात आणि तरीही तोट्यात असतात.

यात आणखी एक सूक्ष्म बाब आहे. पहिल्या वर्षी १४० दिवस मिळणार नाहीत. ९० मिळाले तरी ठीक म्हणायचे. ९० दिवसांचे ३,१०० प्रमाणे २,७९,००० रुपये होतात. उरलेली १,५३,००० रुपयांची तूट दर वाढवून भरून काढावी असे वाटते, पण पहिला ग्राहक आपल्या रिकाम्या दिवसांचे पैसे का देईल? ही तूट म्हणजे या व्यवसायाचे भांडवल होय. दुकान टाकताना जसा फर्निचर आणि अनामत रकमेचा विचार होतो, तसे हे दीड लाख रुपये हाताशी ठेवूनच आरंभ करावा. ते नसतील, तर नोकरी किंवा घरचे दुकान सांभाळून आठवड्यातील दोन दिवसच हे काम घ्यावे.

दुसरा हिशेब : दुकानाला शुल्क झेपते काय

बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना विक्रीचा आकडा पाहून समाधान मानण्याची सोय नसते. त्या विक्रीतून हाती काय उरते ते पाहावे लागते. सल्लागारानेही तेच करावे.

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून उदाहरण भांड्यांच्याच दुकानाचे घेऊ. आकडे पुन्हा गृहीत आहेत. दुकानाची विक्री दरमहा सरासरी ४ लाख रुपये. मालाची खरेदी किंमत वजा जाता त्यात २० टक्के, म्हणजे ८०,००० रुपये उरतात. भाडे, नोकरांचे पगार, वीज आणि व्याज यांत ५०,००० जातात. मालकाच्या हाती ३०,००० येतात.

या मालकासमोर सल्लागार ‘दरमहा १२,००० रुपये शुल्क आणि ३,००० रुपयांच्या जाहिराती’ असा प्रस्ताव ठेवतो. एकूण खर्च १५,०००. तो केवळ भरून निघण्यासाठी २० टक्के नफ्याच्या हिशेबाने ७५,००० रुपयांची जादा विक्री व्हावयास हवी, तीही दर महिन्याला. म्हणजे ४ लाखांच्या विक्रीत जवळपास १९ टक्के वाढ झाली तरी मालकाला एक रुपयाही मिळाला नाही. असा मालक तीन महिन्यांत सल्लागाराला निरोप देईल, आणि त्यात त्याची चूक नाही. प्रस्तावच दुकानाच्या मापाचा नव्हता.

येथे दिवसाचा दर कमी करणे हा उपाय नव्हे. काम लहान आणि नेमके करणे हा आहे. या दुकानात वर्षभर जी किरकोळ विक्री होते ती जाहिरातीने फारशी हलत नाही. पण लग्नसराईत मुलीच्या आंदणासाठी भांड्यांचा पूर्ण संच घेणारे गिऱ्हाईक वेगळे असते. ते एकदाच येते, मोठी खरेदी करते आणि येण्यापूर्वी दोन-चार दुकानांची चौकशी करते. सल्ला उपयोगी पडेल तो येथे. एका संचाची सरासरी खरेदी १८,००० रुपये धरली तर त्यातून दुकानाला ३,६०० रुपये मिळतात.

आता सल्लागार सहा दिवसांचे काम देऊ करतो. शुल्क १८,६०० रुपये, आणि छायाचित्रे व छपाई यांसाठी मालकाचा खर्च ५,४००, एकूण २४,०००. हे पैसे भरून निघण्यास संपूर्ण हंगामात सात जादा संच विकले गेले पाहिजेत. दुकान एरवी हंगामात ४० संच विकत असेल, तर सात हा आकडा आवाक्यातला आहे. मालकाला खरोखर लाभ व्हावा म्हणून उद्दिष्ट त्याच्या दुप्पट, म्हणजे १४ संचांचे ठेवावे. हा हिशेब मालकासमोर त्याच्याच वहीवर मांडला की घासाघीस बरीच कमी होते, कारण प्रश्न ‘तुम्ही किती घेता’ याऐवजी ‘सात संच वाढतील काय’ असा होतो.

सहा दिवसांत काय करायचे

पहिला दिवस दुकानात नुसते बसून जातो. कोण येते, काय विचारते आणि न घेता का परत जाते, हे लिहून काढायचे. दुसऱ्या दिवशी मागील दोन वर्षांची बिलबुके चाळून आंदणाच्या खरेदीची गावनिहाय यादी करायची. हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा दिवस. समजा, ४० पैकी २२ संच नदीपलीकडच्या, कारधा ते लाखनी-साकोली पट्ट्यातील गावांत गेलेले दिसले. मग शहरात फलक लावण्याचे कारणच उरत नाही. त्या गावांतील मंडपवाले, आचारी आणि जुनी गिऱ्हाइके यांच्यापर्यंत दुकानाचे नाव पोहोचवणे हेच काम ठरते.

तिसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या किमतींचे संच मांडून त्यांची छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येकाखाली नग, वजन व किंमत स्पष्ट लिहायची. चौथ्या दिवशी गूगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानाची नोंद मालकाच्याच ईमेलने करून व्हॉट्सॲप बिझनेसवर ती संचांची यादी चढवायची. दोन्ही साधने विनामूल्य आहेत. मात्र एक मर्यादा ठाऊक असावी. व्हॉट्सॲपवरील प्रसारण-यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्या दूरध्वनीत जतन केला आहे त्यांनाच मिळतो. म्हणून पाचव्या दिवशी गल्ल्यावरील माणसांना शिकवायचे ते हे, की बिल देतानाच गिऱ्हाइकाकडून क्रमांक जतन करून घ्यावा आणि ‘आमचे नाव कुणाकडून कळले’ हे विचारून एका वहीत लिहावे. सहावा दिवस हंगामभर दोन-दोन तासांच्या आढाव्यांत वाटून द्यावा.

वाढ झाली हे कसे ओळखावे

येथे अनेक सल्लागार स्वतःचीच फसवणूक करून घेतात. पितळेचा भाव वाढला की तेवढ्याच भांड्यांची विक्री रुपयांत फुगते. म्हणून तुलना रुपयांत न करता संचांच्या संख्येत आणि किलोंत करावी. दुसरे असे, की लग्नसराई दरवर्षी सारखी नसते. २०२६ साली ज्येष्ठ हा अधिक मास असून तो १७ मे ते १५ जून असा येतो. अधिक मासात लग्ने बहुधा होत नाहीत. अशा वर्षाची तुलना मागील वर्षाच्या मे-जूनशी केली तर चांगले कामही फसल्यासारखे दिसेल, आणि पुढील वर्षी काही न करताही यश आल्यासारखे वाटेल. तुळशीविवाहापासून आषाढापर्यंतचा संपूर्ण हंगाम एकत्र मोजावा, आणि ‘कुणाकडून कळले’ या वहीतील नोंदींशी तो ताडून पाहावा. वहीत नव्या मार्गाने आलेली नावे नसतील, तर वाढलेली विक्री आपल्या सल्ल्यामुळे आहे असे म्हणू नये.

याच कारणाने विक्रीवर टक्केवारी घेण्याचा मोह टाळावा. ‘विक्री वाढवा आणि त्यातले तीन टक्के घ्या’ असे व्यापारी सहज म्हणतो, आणि नवख्याला ते न्याय्यही वाटते. परंतु विक्री वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे सूट. १०० रुपयांच्या वस्तूवर २० रुपये उरत असताना १० रुपये सूट दिली, तर विक्री वाढते पण मालकाचे उरणे निम्म्यावर येते. सल्लागाराची टक्केवारी वाढते आणि मालक आतून पोखरला जातो. शिवाय भाव चढला म्हणून वाढलेल्या विक्रीवर टक्केवारी द्यावी की नाही, हा वाद हमखास उद्भवतो. ठरावीक कामाचे ठरावीक शुल्क हेच उभयतांच्या हिताचे.

पहिले ग्राहक

वरील हिशेबावरून ग्राहक कुठे शोधावेत हेही कळते. किराण्याच्या दुकानात नफ्याचे प्रमाण इतके बारीक असते की सल्ल्याचे शुल्क वसूल होण्यास प्रचंड विक्री वाढावी लागेल. भंडारा जिल्ह्यात भातगिरण्या पुष्कळ आहेत. पण जी गिरणी शासनाने खरेदी केलेल्या धानाची भरडाई करते, तिला ग्राहक शोधायचाच नसतो. याउलट चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ स्वतःच्या नावाच्या पिशवीत विकू पाहणारी गिरणी, भांडी, साड्या, फर्निचर किंवा चष्मे यांचे दुकान, अशा ठिकाणी एका जादा गिऱ्हाइकापासून बरेच काही उरते. अशा वीस-तीस दुकानांची यादी करावी. ज्या दुकानात मालकाचा मुलगा वा सून नुकतीच बसू लागली आहे, तिथे नवा विचार ऐकून घेण्याची तयारी अधिक असते.

ओळखीविना दार ठोठावण्यापेक्षा त्या दुकानाचे आकडे जाणणाऱ्याची ओळख घ्यावी. करसल्लागार, घाऊक व्यापाऱ्याचा फिरता विक्रेता आणि जुने मुनीम यांना कोणते दुकान बरे चालून अडले आहे हे ठाऊक असते. त्यांच्याकडे आकडे मागू नयेत. ते गोपनीय असतात आणि मागणाऱ्याविषयी शंका निर्माण करतात. केवळ ओळख करून देण्याची विनंती करावी.

पहिला ग्राहक म्हणून मामा-काकांचे दुकान घेणे शक्यतो टाळावे. तिथे शुल्क ठरत नाही, काम संपत नाही आणि न पटलेले कुणी तोंडावर बोलत नाही. घ्यायचेच झाले तर बिलात पूर्ण दर लिहून सवलत वेगळ्या ओळीत वजा दाखवावी आणि काम संपण्याची तारीख लिहावी. मग दुसऱ्या ग्राहकाला ‘त्यांना फुकट केले’ असे म्हणता येत नाही.

अनोळखी मालकासमोर एकदम १८,६०० चा प्रस्ताव ठेवू नये. आधी एका दिवसाचे निदान ३,१०० रुपयांत करून द्यावे. दुकानात बसून, बिलबुके पाहून दोन पानांचे टिपण द्यावे : नफा कुठे आहे, जादा गिऱ्हाईक कुठून येऊ शकते आणि कोणता खर्च आजच थांबवावा. पुढील काम दिल्यास ही रक्कम त्यात वळती करावी. जो मालक एका दिवसाचे पैसे देण्यास तयार नाही, तो सहा दिवसांचे देणार नाही, हे तेवढ्यातच कळते. निदानात ‘तुम्हाला सल्लागाराची गरज नाही’ असे निघाले तर तेही स्पष्ट लिहावे. पुढची ओळख बहुधा असाच मालक करून देतो.

एका पानाचा करार

कोणते काम, किती दिवस, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणते काम यात नाही, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. ‘यात नाही’ हा भाग विशेष महत्त्वाचा. तो नसेल तर दिवाळीच्या शुभेच्छांचे चित्र, भाच्याच्या दुकानाची पाटी आणि संगणकाची दुरुस्ती हे सारे सल्लागाराकडे येते. निम्मे शुल्क आगाऊ, पाव मध्यावर आणि पाव शेवटी घ्यावे. सर्व खाती व संकेतशब्द मालकाच्या नावे राहावेत. करार चालू असता भंडाऱ्यातील दुसऱ्या भांड्याच्या दुकानाचे काम घेणार नाही, असे वचन मालक मागेल. ते द्यावे, पण त्याची मुदत लिहावी.

कायद्याच्या बाजूने पाहता, सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी मात्र विनामूल्य असल्याने अवश्य करावी. सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. व्यापारी वर्ग ही तरतूद आयकराच्या निमित्ताने आता चांगलीच ओळखतो. तरीही ती हाती ठेवावयाची असते, उगारावयाची नसते. आगाऊ रक्कम हेच खरे संरक्षण.

सल्ला घेणाऱ्या दुकानदारांनी आपल्या बाजूने एकच प्रश्न विचारावा : ‘तुमचे शुल्क भरून निघायला माझी कोणती वस्तू किती जादा विकली जावी लागेल?’ ज्याला याचे उत्तर नगांत देता येते, त्याला एका दिवसाचे निदान करण्यास बोलवावे. जो उत्तरादाखल केवळ पसंती आणि अनुयायांचे आकडे सांगतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.